किती लक्षात ठेवायचे: व्हॉयेजरच्या कोडमागची बावीस वर्षे

१९४८ साली बेल लॅबोरेटरीजमधल्या क्लॉड शॅनन यांनी सिद्ध केले की मार्गावर कितीही गोंगाट असला तरी संदेश हवा तितका बिनचूक पोहोचवता येतो. फक्त पाठवण्याचा वेग त्या मार्गाच्या क्षमतेखाली ठेवावा लागतो. असे कोड असतात एवढे त्यांनी दाखवले. ते बांधायचे कसे, आणि त्याहून अवघड म्हणजे पलीकडच्या टोकाला ते उलगडायचे कसे, हा प्रश्न त्यांनी पुढच्यांसाठी ठेवला. दोन वर्षांनी रिचर्ड हॅमिंग यांचा कोड प्रसिद्ध झाला. त्याची रीत सोपी होती: संदेशाचे ठरावीक लांबीचे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्याला तपासणीचे काही जादा बिट जोडायचे, आणि चूक झालीच तर ती त्या तुकड्यापुरती शोधून दुरुस्त करायची. एका तुकड्याचा दुसऱ्याशी काही संबंध नसे. १९५५ साली एमआयटीतल्या पीटर इलियास यांनी वेगळी कल्पना मांडली. संदेशाचे तुकडे पाडूच नयेत. बिटांचा प्रवाह एका शिफ्ट रजिस्टरमधून अखंड जाऊ द्यावा, आणि बाहेर पडणारा प्रत्येक बिट आताच्या आणि आधीच्या काही बिटांच्या बेरजेतून ठरावा. यालाच पुढे कॉन्व्होल्यूशनल कोड म्हटले जाऊ लागले. १९७७ साली निघालेल्या व्हॉयेजर यानांवर हाच कोड बसवलेला होता. मधल्या बावीस वर्षांचा इतिहास अनेकदा एन्कोडरची स्मृती वाढवत नेण्याचा इतिहास म्हणून सांगितला जातो. माझ्या मते निर्णायक वळण नेमके उलटे होते. स्मृती असल्यामुळे चुका सुधारतात हे इलियास यांच्यापासूनच माहीत होते. ती स्मृती मर्यादित असते, म्हणून डिकोडरला बहुतेक सगळे मागचे सोडून देता येते, हे कळले तेव्हा हा कोड खऱ्या अर्थाने वापरात आला.

स्मृती नेमके काय काम करते ते एका लहान उदाहरणावर नीट दिसते. समजा एन्कोडरला फक्त मागचे दोन बिट आठवतात. आत येणाऱ्या प्रत्येक बिटामागे तो दोन बिट बाहेर टाकतो. पहिला म्हणजे आताचा, मागचा आणि त्यामागचा अशा तिन्ही बिटांची बेरीज. दुसरा म्हणजे मधला वगळून उरलेल्या दोघांची बेरीज. इथल्या बेरजेत एक अधिक एक म्हणजे शून्य, एवढाच नियम. संदेश १०११ आहे असे धरू आणि शेवटी रजिस्टर रिकामे व्हावे म्हणून दोन शून्ये जोडू. बाहेर पडणाऱ्या जोड्या अशा येतात: ११, १०, ००, ०१, ०१, ११. आत गेलेला प्रत्येक बिट तीन लागोपाठच्या जोड्यांवर आपला ठसा ठेवून जातो. आता वाटेत दुसऱ्या जोडीतला एक बिट आणि पाचव्या जोडीतला एक बिट उलटला असे समजू. पलीकडे पोहोचते ते असे: ११, ११, ००, ०१, ११, ११. यावरून मूळ संदेश काढायचा आहे.

त्याआधी एका रास्त आक्षेपाला उत्तर द्यायला हवे. एका बिटाऐवजी दोन पाठवले तर प्रत्येकाच्या वाट्याला निम्मीच ऊर्जा येते, मग पोहोचणारा प्रत्येक बिट आणखी अस्पष्ट होतो आणि चुका वाढतात. अवकाशयानावर वीज मोजकीच असते, तेव्हा हा व्यवहार तोट्याचाच नाही का? प्रत्येक बिट नुसता दोनदा पाठवला तर फायदा खरोखर शून्य आहे. ऊर्जा वाटली गेली तेवढीच परत गोळा होते. पण स्मृती आली की हिशेब बदलतो. दोन वेगवेगळ्या संदेशांमधून निघणारे बिटप्रवाह किमान किती ठिकाणी वेगळे असतात हे पाहिले पाहिजे, कारण गोंगाटाला एका संदेशाचा दुसरा भासवायचा असेल तर तेवढ्या फरकाच्या निम्म्याहून अधिक ठिकाणी खोडी काढावी लागते. नुसत्या पुनरुक्तीत हा फरक २ आहे. वरच्या दोन बिटांच्या स्मृतीत तो ५ होतो. सहा बिटांच्या स्मृतीचा जो कोड व्हॉयेजरवर गेला, त्यात तो १० आहे. तिन्ही ठिकाणी पाठवलेल्या बिटांची संख्या दुप्पटच. वाढली ती फक्त स्मृती. त्यामुळे कोडाचे बळ जादा बिटांमध्ये शोधणे चुकीचे ठरते. ते बळ एकाच बिटाची साक्ष अनेक जोड्यांत विखुरली जाण्यातून येते. आणि दूरच्या अवकाशातून बोलताना रेडिओलहरींचा पट्टा मुबलक असतो, टंचाई शक्तीची असते. त्यामुळे दुप्पट बिट पाठवणे तिथे परवडते.

फरक जितका मोठा तितके बरे, आणि तो स्मृतीबरोबर वाढतो. मग स्मृती भरपूर वाढवावी हे ओघानेच आले. साठच्या दशकात तज्ज्ञांची वाट तीच होती. पण स्मृती वाढली की डिकोडरची पंचाईत होते. हजार बिटांचा संदेश असेल तर शक्य असलेले संदेश दोनाचा हजारावा घात इतके. त्यांतला प्रत्येक तपासणे कोणत्याही यंत्राला शक्य नाही. जॉन वोझेनक्राफ्ट यांनी १९५७ साली याला क्रमवार डिकोडिंगचा उपाय सुचवला आणि १९६३ साली रॉबर्ट फॅनो यांनी त्याला सुटसुटीत रूप दिले. यात डिकोडर एकच वाट धरून पुढे जातो. मिळालेल्या बिटांशी ती जुळेनाशी झाली की मागे फिरतो, दुसरी फांदी धरतो, पुन्हा पुढे सरकतो. सगळ्या वाटा पाहायच्या नसल्यामुळे स्मृती कितीही लांब ठेवली तरी चालते. नोव्हेंबर १९६८ मध्ये सूर्याभोवतीच्या कक्षेत गेलेल्या पायोनियर ९ वर कॉन्व्होल्यूशनल कोड पहिल्यांदा अवकाशात गेला, तो या पद्धतीच्या भरवशावर. त्याची स्मृती वीस बिटांची होती आणि पृथ्वीवरचा डिकोडर म्हणजे संगणकावर चालणारा प्रोग्राम होता.

हे यश खरे होते, आणि माझ्या म्हणण्याविरुद्धचा सर्वांत भक्कम पुरावा म्हणून ते पुढे ठेवता येईल. लांब स्मृतीचा कोड काम करत होता, मग अडचण कुठे होती? अडचण कामाच्या अनिश्चिततेत होती. गोंगाट कमी असताना हा डिकोडर झरझर पुढे जातो. गोंगाटाचा जोर आला की तो चुकीच्या फांदीवर बराच पुढे जाऊन मग मागे फिरू लागतो, आणि एका बिटासाठी किती वेळ हेलपाटे घालावे लागतील याचा अंदाज देता येत नाही. तोवर नवे बिट येतच राहतात आणि साठवणीच्या जागेत त्यांची गर्दी होते. जागा भरली की तो सगळा भाग टाकून द्यावा लागतो. साठवण वाढवूनही हा धोका फार हळू कमी होतो, हे अर्विन जेकब्स आणि एल्विन बर्लेकॅम्प यांनी १९६७ साली गणिताने दाखवले. पायोनियरचा वेग सेकंदाला काहीशे बिट होता, तोवर संगणकाला मागे-पुढे करायला सवड मिळत होती. चित्रे पाठवणाऱ्या यानाला सेकंदाला हजारो बिट पाठवायचे असतात. तिथे ही सवड उरत नाही.

एप्रिल १९६७ मध्ये अँड्र्यू व्हिटर्बी यांचा लेख प्रसिद्ध झाला. इटलीतल्या बर्गामोत जन्मलेले, लहानपणी आईवडिलांबरोबर अमेरिकेत आलेले व्हिटर्बी जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीत काम करून पुढे लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात शिकवत होते. लेखाचा मुख्य विषय होता कॉन्व्होल्यूशनल कोडमध्ये चुकीची शक्यता किती खाली येऊ शकते हा, आणि त्यातली डिकोडिंगची रीत त्यांना आधी मुख्यतः ते गणित सोपे करून मांडण्याचे साधन वाटत होती. रीतीमागचा विचार असा. एन्कोडरला मागचे दोनच बिट आठवत असतील, तर कोणत्याही क्षणी तो चारच अवस्थांपैकी एकीत असू शकतो: ००, १०, ०१ किंवा ११. पुढे काय बाहेर पडेल हे फक्त त्या अवस्थेवर आणि नव्या बिटावर ठरते. त्या अवस्थेत तो कोणत्या वाटेने आला याला पुढे काही महत्त्व नाही. म्हणून दोन वाटा एकाच अवस्थेत येऊन मिळाल्या की त्यांपैकी आतापर्यंत जास्त चुकलेली वाट तिथल्या तिथे कायमची टाकून देता येते. पुढे काहीही घडले तरी ती दुसरीच्या पुढे जाणार नाही. संदेश कितीही लांब असो, हातात नेहमी चारच वाटा राहतात. डेव्हिड फॉर्नी यांनी याची आकृती काढली. दर टप्प्याला अवस्थांचे ठिपके एका उभ्या रांगेत, पुढच्या रांगेकडे जाणाऱ्या तिरक्या रेषा, आणि त्यांतून तयार होणारी वेलीच्या मांडवासारखी जाळी. तिला त्यांनी ट्रेलिस हे नाव दिले. या रीतीने निघणारे उत्तर सर्वांत संभाव्य संदेशच असते, हेही त्यांनीच स्पष्ट केले.

आपले उदाहरण या जाळीवर चालवून पाहू. सुरुवात अवस्था ०० पासून. पहिली जोडी ११ आली. संदेशाचा पहिला बिट १ असेल तर हीच जोडी निघायला हवी, म्हणून त्या वाटेच्या खात्यावर चूक शून्य. ० असेल तर ०० निघायला हवे, म्हणून चूक २. दुसरी जोडीही ११ आली, आणि इथे गंमत आहे. पहिल्या वाटेवरून पुढे १० किंवा ०१ यांपैकीच काहीतरी निघू शकते, ११ निघूच शकत नाही. डिकोडरला इथे कळते की कुठेतरी बिघडले आहे, पण काय बिघडले ते कळत नाही. दोन्ही फांद्यांवर एकेक चूक चढते आणि त्या बरोबरीत राहतात. तुकड्या-तुकड्यांनी स्वतंत्र पाहणारा डिकोडर इथेच अडला असता. कॉन्व्होल्यूशनल कोडमध्ये मात्र दुसऱ्या बिटाबद्दलची साक्ष अजून संपलेली नाही, कारण तो एन्कोडरच्या स्मृतीत आहे. तिसरी जोडी ०० येते. दुसरा बिट ० मानणाऱ्या वाटेवर ती तंतोतंत जुळते आणि तिची एकूण चूक १ वरच राहते. दुसरा बिट १ मानणाऱ्या वाटेवरून ०० निघूच शकत नाही, म्हणून तिच्या दोन्ही फांद्यांची चूक २ होते. चौथ्या जोडीनंतरही खरी वाट १ वरच आहे आणि बाकीच्या तीन अवस्थांत पोहोचलेल्या वाटा २, ३ आणि ३ वर.

पाचवी जोडी बिघडलेली होती, त्यामुळे तिथे खरी वाट २ वर जाते आणि नेमकी त्याच वेळी एक खोटी वाट तिच्याशी बरोबरी करते. ही खोटी वाट १११० हा संदेश सांगते. तिच्या हिशेबाने चुका दुसऱ्या आणि तिसऱ्या जोडीत झाल्या. पाच जोड्या पाहून दोघींत निवड करता येत नाही. सहावी जोडी ११ येते आणि निकाल लागतो: खरी वाट २ वरच राहते, खोटी ४ वर जाते. शेवटून मागे रेषा धरत गेले की १०११ हा मूळ संदेश हाती येतो. शेवटी जोडलेली ती दोन शून्ये वाया गेल्यासारखी वाटतात, पण निकाल देणारी जोडी त्यांच्यामुळेच मिळाली. संदेश अचानक संपला असता तर शेवटच्या बिटांना साक्षीदार कमी पडले असते. प्रवाह अखंड चालू असेल तर डिकोडर संदेश संपायची वाट पाहत बसत नाही. स्मृतीच्या साधारण पाचपट मागे पाहिले की सगळ्या उरलेल्या वाटांचा उगम जवळजवळ नेहमी एकच निघतो. तिथला बिट निकाली काढून मोकळे होता येते. आणखी एक सोय या हिशेबातूनच मिळते. बिटांच्या जोड्या पाडताना एका बिटाने घसरण झाली, तर कोणतीच वाट धड जुळत नाही आणि सगळ्यांच्या चुका भराभर चढू लागतात. चढण्याचा तो वेग पाहून डिकोडर ओळखतो की दोष गोंगाटाचा नसून जोडी लावण्याचा आहे, आणि एक बिट सोडून पुन्हा सुरुवात करतो.

तरीही १९६७ साली ही रीत कामाची वाटत नव्हती, आणि त्याचे कारण गणितातच आहे. स्मृतीतला प्रत्येक जादा बिट अवस्थांची संख्या दुप्पट करतो. पायोनियर ९ च्या वीस बिटांच्या स्मृतीला १० लाखांहून अधिक अवस्था लागल्या असत्या. प्रत्येक टप्प्याला तेवढे हिशेब करणारे यंत्र तेव्हा नव्हते. चांगला कोड म्हणजे लांब स्मृतीचा कोड, हे गृहीत धरले तर व्हिटर्बींची रीत निरुपयोगी ठरते. हे गृहीतच जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीतल्या जेरी हेलर यांनी तपासून पाहिले. १९६८ मध्ये त्यांनी आखूड स्मृतीचे कोड संगणकावर चालवले आणि दिसून आले की सहा बिटांची स्मृती, म्हणजे ६४ अवस्था, एवढ्यावरही मोठा लाभ मिळतो. लाख बिटांत एक चूक चालणार असेल, तर असा कोड न वापरता जितकी शक्ती लागली असती तिच्या साधारण एक तृतीयांशात काम होते. त्यापुढे स्मृती एका बिटाने वाढवली तर मेहनत दुप्पट होते आणि लाभ मात्र अर्ध्या डेसिबेलहूनही कमी वाढतो. आखूड स्मृती पण एकही संभाव्य वाट न गमावता केलेला शोध, हा सौदा लांब स्मृती आणि अर्धवट शोध यापेक्षा चांगला ठरला, आणि त्याला लागणारा वेळ दर बिटाला अगदी सारखा होता.

या लाभातला एक भाग आणखी एका गोष्टीतून येतो, आणि ती व्हिटर्बींच्या रीतीत सहज बसते. वरच्या उदाहरणात आपण प्रत्येक आलेला बिट आधीच ० किंवा १ ठरवून टाकला. खऱ्या रेडिओत येते ते कमी-जास्त व्होल्टेज. ते जेमतेम १ च्या बाजूला झुकलेले असले तरी ठाम १ म्हणून नोंदवले, तर त्यातला संशय फेकून दिला जातो. त्याऐवजी आठ पायऱ्यांवर मोजून डिकोडरला दिले, की मिणमिणता बिट चुकीचा ठरला तर थोडाच दंड बसतो आणि ठसठशीत बिटाविरुद्ध जाणाऱ्या वाटेला भरपूर. एवढ्यानेच सुमारे २ डेसिबेलचा फायदा होतो. तुकड्यांच्या कोडांची बीजगणितावर चालणारी डिकोडिंग त्या काळी हा संशय सहजी वापरू शकत नव्हती.

व्हिटर्बी, जेकब्स आणि लिओनार्ड क्लाइनरॉक यांनी १९६८ मध्ये लिंकाबिट ही कंपनी काढली आणि हेलरही पुढे तिथे आले. क्रमवार डिकोडिंगची मर्यादा ज्यांनी सिद्ध केली होती तेच जेकब्स आता दुसऱ्या रीतीचे यंत्र बनवणाऱ्यांत होते. व्हॉयेजरसाठी सहा बिटांच्या स्मृतीचा तोच कोड निवडला गेला. यानावरचा एन्कोडर म्हणजे सहा बिटांचे रजिस्टर आणि बेरजेची काही सर्किटे, एवढेच; सगळे कष्ट पृथ्वीवरच्या डिकोडरचे. १९७९ मध्ये गुरूजवळून आलेल्या चित्रांना हजार बिटांत पाचाच्या आसपास चुका चालत होत्या, कारण एक बिट चुकला तर एक ठिपका बिघडे. युरेनसजवळ हे चालणारे नव्हते. अंतर सुमारे ३०० कोटी किलोमीटर झाले होते, वेग घटला होता, म्हणून चित्रे आकुंचित करून, शेजारच्या ठिपक्यांमधला फरक तेवढाच पाठवायचा होता. अशा चित्रात एक चुकलेला बिट पुढची सगळी ओळ बिघडवतो.

इथे आखूड स्मृतीची खरी उणीव दिसते, आणि ती लपवण्यात अर्थ नाही. व्हिटर्बी डिकोडर चुकतो तेव्हा एकटादुकटा बिट चुकत नाही. तो खोट्या वाटेवर जातो आणि खऱ्या वाटेशी पुन्हा मिळेपर्यंतचे अनेक बिट एकदम बिघडतात. लांब स्मृतीने असे प्रसंग दुर्मीळ झाले असते. प्रत्यक्षात निवडलेला उपाय फॉर्नी यांच्या १९६५ च्या प्रबंधातून आला: एका कोडावर दुसरा कोड चढवायचा. बाहेरून रीड-सॉलोमन कोड, आतून कॉन्व्होल्यूशनल. रीड-सॉलोमन आठ-आठ बिटांचे एक चिन्ह मानतो, २५५ चिन्हांच्या तुकड्यात कोणतीही १६ चिन्हे चुकली तरी सुधारतो, आणि एका चिन्हात एक बिट चुकला काय किंवा आठ चुकले काय, त्याला सारखेच. आतल्या डिकोडरच्या गुच्छाने येणाऱ्या चुका त्याला म्हणूनच पेलतात. त्याचा एन्कोडर व्हॉयेजरवर आधीच बसवलेला होता, आणि जानेवारी १९८६ मधली युरेनसची आणि ऑगस्ट १९८९ मधली नेपच्यूनची चित्रे या जोडगोळीने आली.

पुढे स्मृती वाढलीच नाही असे नाही. कॅसिनी यानावर चौदा बिटांच्या स्मृतीचा कोड होता. १६,३८४ अवस्थांचा तो हिशेब करणारे यंत्र तोवर बनवता येऊ लागले होते. १९९३ मध्ये क्लोद बेरू, आलँ ग्लाविओ आणि पुण्य थितिमाजशिमा यांनी टर्बो कोड मांडले, आणि शॅनन यांच्या मर्यादेपासूनचे अंतर डेसिबेलच्या अंशांवर आले. टर्बो कोडांनी व्हिटर्बींचा मार्ग खोटा ठरवला असे कोणी म्हणेल. पण त्यांची रचना पाहिली तर त्यात चार बिटांच्या स्मृतीचे, सोळाच अवस्थांचे दोन एन्कोडर आहेत. मधे बिटांचा क्रम पार उलटापालटा करणारी एक पायरी आहे, आणि दूरदूरच्या बिटांना एकमेकांशी बांधण्याचे काम ती करते. प्रत्येक ट्रेलिस आखूडच राहते, म्हणून ती पुन्हा पुन्हा चालवता येते. दूरची साक्ष मिळवायला अवस्था वाढवाव्या लागत नाहीत, हे हेलर यांच्या निष्कर्षाचेच पुढचे पाऊल आहे. टर्बो कोडांना मात्र लांब तुकडे लागतात आणि फेऱ्यांमुळे उशीर होतो; मोजक्याच बिटांचा संदेश झटपट उलगडायचा असतो तिथे त्यांचा फारसा उपयोग नाही. भारताच्या नाविक उपग्रहांकडून येणाऱ्या दिशादर्शनाच्या माहितीवर म्हणूनच आजही सहा बिटांच्या स्मृतीचा, ६४ अवस्थांचा, व्हॉयेजरवर होता तोच कोड चढवलेला असतो.